‘पेशंट स्टेबल, नो कम्प्लेंट्स’ : वॉर्डातली इंग्रजी आणि सात बँड

*मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे, वय २९. यूकेत नर्स म्हणून नोंदणी व्हावी यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५ आणि स्पीकिंग ६. स्पीकिंगला ७ लागतात, तेवढ्यावरच अडलंय. निकालाला चार महिने झाले. क्लासवाले म्हणतात, शब्दसंपत्ती कमी आहे. त्यांनी पन्नास क्यू कार्डांची, म्हणजे बोलायला विषय देणाऱ्या कार्डांची, तयार उत्तरं आणि इडियम्सची यादी पाठ करायला दिली आहे. आठ आठवड्यांनी पुन्हा बसायचं ठरवलंय, पण तीन पाळ्यांच्या ड्युटीत अभ्यास होईल असं वाटत नाही. दोन महिने बिनपगारी रजा घेऊ का? सोबत क्यू कार्डवर बोललेलं माझं एक रेकॉर्डिंग पाठवते आहे.*

रजा घेऊ नका. आधी हे सांगून टाकते, कारण ती पैशांची गोष्ट आहे आणि महिनाअखेरीच्या आत तुम्हाला अर्ज द्यावा लागेल. कारणं पुढे येतीलच.

तुमचं एक मिनिट दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग मी चार वेळा ऐकलं आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवून काढलं. शब्दांचा दुष्काळ मला त्यात कुठे दिसला नाही. ‘डिटीरिओरेट’, ‘रिअशुअर’, ‘ब्रेक द न्यूज’ हे तिन्ही तुम्ही अगदी जागच्या जागी वापरलेत, आणि पाठ केल्यासारखे नाही, रोजच्या वापरातले म्हणून. माझ्या मोजणीत तुमची वाक्यं चौदा झाली. त्यातली एकही चूक नसलेली किती? पाच. सहा आणि सातमधली दरी तुमच्यापुरती या नऊ वाक्यांत आहे. इडियम्सची यादी तिथे काही करू शकत नाही.

परीक्षक चार गोष्टींना वेगवेगळे गुण देतो: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चौघांचं वजन सारखं. म्हणजे सात हवे असतील तर चारांची बेरीज अठ्ठावीस व्हायला हवी. सहा आणि सात बँडला काय अपेक्षित असतं, याचा तक्ता आयईएलटीएसने जाहीर केलेला आहे, कुणालाही वाचता येतो. व्याकरणाच्या रकान्यात सहाला असं म्हटलंय की गुंतागुंतीच्या वाक्यांत चुका वारंवार होतात, पण अर्थ कळायला सहसा अडचण येत नाही. सातला म्हटलंय की बिनचूक वाक्यं वारंवार येतात. दोन्हीकडे ‘वारंवार’ आहे, फक्त एकीकडे चुका आणि दुसरीकडे बिनचूक वाक्यं. सातला नुसती अवघड वाक्यं बोला असं कुणी सांगत नाही. साधी वाक्यं स्वच्छ बोला आणि वेगवेगळ्या रचनांची जोडवाक्यंही न अडखळता पार करा, एवढं मागणं आहे.

आता तुमचाच एक तुकडा घेऊ:

‘आय वॉन्ट टु टॉक अबाउट माय सीनियर सिस्टर. शी इज वर्किंग इन आयसीयू सिन्स ट्वेल्व्ह इयर्स. व्हेन आय जॉइन, आय वॉज व्हेरी स्केअर्ड. शी टोल्ड मी दॅट डोन्ट वरी, आय ॲम देअर ओन्ली.’

पहिलं वाक्य ठीक आहे (‘सिस्टर’ म्हणजे बहीण नव्हे हे परीक्षकाला सांगायला मात्र हवं, तिकडे ‘सीनियर नर्स’ म्हणा). पुढच्या तिन्हींत काहीतरी आहे. ‘इज वर्किंग सिन्स ट्वेल्व्ह इयर्स’ हे ‘बारा वर्षांपासून काम करतेय’चं सरळ रूपांतर. इंग्रजीत ते ‘हॅज बीन वर्किंग इन दी आयसीयू फॉर ट्वेल्व्ह इयर्स’ होतं. ‘सिन्स’च्या पुढे साल येतं, ‘फॉर’च्या पुढे किती वर्षं ते. ‘व्हेन आय जॉइन’मध्ये शेवटचा ‘ड’ गळला. नियम तुम्हाला येतो, घाईत तो तोंडातून निघत नाही. ‘टोल्ड मी दॅट डोन्ट वरी’ म्हणजे आपलं ‘ती म्हणाली की काळजी करू नकोस’. मराठी ‘की’नंतर आपण समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, इंग्रजी ‘दॅट’नंतर तसं चालत नाही, ‘शी टोल्ड मी नॉट टु वरी’. आणि ‘देअर ओन्ली’ म्हणजे ‘आहेच ना मी’मधला ‘च’. इंग्रजीत त्या ‘च’साठी वेगळा शब्द लागत नाही, आवाजात जोर देऊन भागतं.

चार वाक्यांतल्या या चारही चुका सुटणाऱ्या आहेत. एकही अज्ञानाची नाही, सगळ्या सवयीच्या आहेत. आणि सवय कुठून आली याचा मला एक अंदाज आहे. तुम्ही दिवसभर इंग्रजी बोलता, पण ती पाळी बदलताना ओव्हर देतानाची. ‘बेड फोर, पेशंट स्टेबल, नो फ्रेश कम्प्लेंट्स, युरिन आउटपुट ॲडिक्वेट.’ यात ना क्रियापद, ना काळ, ना ‘ए’, ना ‘द’. ओव्हरला हेच योग्य आहे, तिथे कुणाला वेळ नसतो. पण दर पाळीला, वर्षानुवर्षं, तोंडाला असल्या मोडक्या वाक्यांचं वळण लागलं की परीक्षेच्या अकरा ते चौदा मिनिटांतही तेच बाहेर येतं. बँकेत, कॉल सेंटरमध्ये, साइटवर काम करणाऱ्या वाचकांनीही आपापली कामाची इंग्रजी एकदा अशी तपासून पाहावी. ‘मी तर रोज इंग्रजी बोलतो’ म्हणणाऱ्यांचे सहा इथेच अडकलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत.

म्हणून रजेला माझा विरोध. घरी बसून तुम्ही ती यादीच पाठ कराल, आणि जे वळण बदलायचंय ते कामावर गेल्यावर पुन्हा जसंच्या तसं. त्यापेक्षा आठवड्यातले पाच दिवस, रोज चाळीस मिनिटं द्या. आठ आठवड्यांत साधारण सत्तावीस तास होतात. एवढ्याशा कामाला ते पुरतात, अट एकच की ते तास बोलण्यात आणि स्वतःला ऐकण्यात गेले पाहिजेत, दुसऱ्यांचे व्हिडिओ बघण्यात नव्हे.

पहिला आठवडा फक्त तपासणीचा. चार क्यू कार्डं घ्या, प्रत्येकावर एक मिनिट टिपणं आणि दोन मिनिटं बोलणं, मोबाइलवर रेकॉर्ड करून. मग वहीत उतरवा, ‘अं’ आणि ‘आ’सकट. दोन मिनिटांचं बोलणं उतरवायला अर्धा तास जातो आणि ते कंटाळवाणं आहे, मला कल्पना आहे. पण आपण ‘जॉइन’ म्हणालो की ‘जॉइन्ड’, हे कान आपल्याला खोटं सांगतो, कागद सांगत नाही. जिथे थांबलात तिथे तिरपी रेघ मारा. मग लाल पेनने चुका, आणि शेवटी मोजणी: एकूण वाक्यं किती, बिनचूक किती. चार रेकॉर्डिंगांत जी चूक सर्वांत जास्त वेळा दिसते ती एक नंबरची. अशा तीनच निवडा. बाकीच्यांकडे आठ आठवडे चक्क दुर्लक्ष करा. तुमच्या तीन मला आत्ताच दिसतायत: ‘सिन्स-फॉर’, भूतकाळाचा गळणारा शेवट, आणि ‘दॅट’नंतरचं थेट बोलणं.

दुसरा आणि तिसरा आठवडा या तिघींचा. वहीत शंभर वाक्यं लिहू नका, लिहिताना तुम्ही कमी चुकता. तुमचे रायटिंगचे साडेसहा बघा. बोलायचं. ड्युटी संपली की बसमध्ये बसायच्या आधी, किंवा स्कूटरची चावी लावायच्या आधी, त्या पाळीतली एक घटना तीन मिनिटांत फोनला सांगा, पूर्ण वाक्यांत, जणू परगावहून आलेल्या, मराठी न कळणाऱ्या नातेवाइकाला सांगताय. रुग्णाचं नाव, बेड नंबर, ओळख पटेल असं काही रेकॉर्डिंगमध्ये नको, हे तुम्हाला सांगायला नकोच. ‘पेशंट कोलॅप्स्ड’ असं अर्धं नाही, तर ‘द पेशंट हॅड बीन स्टेबल ऑल मॉर्निंग, बट हिज प्रेशर ड्रॉप्ड जस्ट बिफोर लंच’ असं सबंध. घटना सांगायची म्हटलं की भूतकाळ आपोआप येतो, आणि एक नंबरची चूक सोडून बाकी दोन्हींचा सराव तिथेच होतो. ‘सिन्स-फॉर’साठी स्वतःबद्दलची दहा खरी वाक्यं करा, मोठ्याने: किती वर्षं पुण्यात, किती दिवस हा अभ्यास, कधीपासून चष्मा.

तिसऱ्या आठवड्यात एक गंमत होईल आणि तुम्ही घाबराल. तुम्हाला चुका ऐकू यायला लागतील, पण तोंडातून निघून गेल्यावर. मग तुम्ही थांबाल, परत म्हणाल, अडखळाल. बोलणं आधीपेक्षा वाईट वाटेल. हे शिकण्याचं लक्षण आहे. आधी चूक झाल्यावर कळते, मग वाक्याच्या मध्यात, आणि मग तोंड उघडायच्या आधी. अडचण एवढीच की स्वतःला सारखं दुरुस्त करणं ओघाच्या गुणांत मोजलं जातं, त्यामुळे या टप्प्यात परीक्षा दिली तर व्याकरणात कमावलेलं ओघात जातं. अनेक जण नेमके तीन-चार आठवड्यांचा अभ्यास करून बसतात आणि पुन्हा सहा घेऊन येतात, ते यामुळेही.

चौथा-पाचवा आठवडा क्यू कार्डाचा, म्हणजे स्पीकिंगच्या दुसऱ्या भागाचा. तुम्ही एक मिनिट दहा सेकंदांत थांबलात. नियमाप्रमाणे एक ते दोन मिनिटं चालतं, पण सात बँडला सहजपणे लांब बोलता येणं अपेक्षित आहे, तेव्हा परीक्षकाने ‘थँक यू’ म्हणेपर्यंत बोलायचं हेच धोरण ठेवा. तुम्ही लवकर का संपलात, तर तुम्ही कार्डावरचे चार मुद्दे एकेका वाक्यात उरकलेत, आणि तेही धावत. वेग म्हणजे ओघ नव्हे. उच्चाराच्या रकान्यात सहा बँडला ‘फार जलद बोलण्यामुळे लय बिघडू शकते’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तयारीच्या एका मिनिटात वाक्यं लिहू नका, चार-पाच शब्द लिहा, आणि त्यातला एक शब्द एका प्रसंगाचा हवा. सीनियर नर्सबद्दल बोलताना ‘पहिली रात्रपाळी, सलाइन सापडेना’ एवढं टिपलंत तर त्या एका प्रसंगात चाळीस सेकंद जातात, आणि तो आठवणीतून येत असल्यामुळे शब्द शोधावे लागत नाहीत. एकच कार्ड लागोपाठ तीनदा बोला, पाठ न करता. तिसऱ्या वेळी तिरप्या रेघा कुठे पडतात बघा. ‘इन द / अं / वॉर्ड’ अशी शब्दसमूहाच्या पोटात पडलेली रेघ त्रास देते. ‘इन द वॉर्ड / देअर वॉज अ पेशंट’ अशी दोन समूहांच्या मधली रेघ ऐकणाऱ्याला विश्रांती देते. थांबा, पण सांध्यावर.

याच दोन आठवड्यांत एक उच्चार घ्या, एकच. मराठीत आपण लिहिताना ‘वॉर्ड’ आणि ‘व्हेंटिलेटर’ वेगळं लिहितो, बोलताना दोन्हीकडे आपला तोच ‘व’. आरशासमोर उभ्या राहा. ‘वॉर्ड’, ‘वूंड’ म्हणताना ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल, दात कुठेही लागत नाहीत. ‘व्हेंटिलेटर’, ‘व्हायटल्स’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर. तुमच्या कामात हे शब्द इतके येतात की वेगळा सराव लागणार नाही, दर वेळी दाताकडे लक्ष गेलं तरी पुरे. ॲक्सेंट मात्र बदलायला जाऊ नका. गुण सहज समजण्याला आहेत, तुम्ही सांगलीच्या की इंग्लंडातल्या सरीच्या याला नाहीत.

सहाव्या आठवड्यात तिसरा भाग, म्हणजे चर्चा. इथे नर्स मंडळींची एक ठरलेली गल्लत असते. ‘वृद्धांची काळजी घरीच का घेतली जात नाही?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘इन माय हॉस्पिटल…’ आणि मग एका आजोबांची गोष्ट. गोष्ट दुसऱ्या भागात सांगून झाली; इथे परीक्षकाला लोकांबद्दल, काळाबद्दल, कारणांबद्दल ऐकायचं असतं. आधी सगळ्यांबद्दलचं एक वाक्य, मग कारण, मग ‘पण ज्यांच्याकडे…’ असा अपवाद, आणि हवं तर शेवटी ते आजोबा. इथे एक जुनी खोड वर येईल: ‘आय डोन्ट नो व्हॉट इज द रीझन’. ती ‘व्हॉट द रीझन इज’ अशी उलटवून घ्या. आणि एखादा शब्द आठवला नाही तर गप्प बसू नका, त्याच्या भोवतीने जा. पेज म्हणजे काय हे सांगून बघा: आजारी माणसाला देतात तो भाताचा पातळ, मऊ पदार्थ, मीठ घातलेला. असं वळसा घालून सांगता येण्याला शब्दसंपत्तीच्या रकान्यात गुण आहेत. घोकलेल्या ‘वन्स इन अ ब्लू मून’ने असं काही साधत नाही, कारण तो बोलताना तुमच्या आवाजाची चाल बदलते आणि ती अनुभवी कानाला लगेच कळते. तयार पन्नास उत्तरांचंही तेच. कार्ड ओळखीचं निघालं तरी पुढच्याच प्रश्नाला पाठांतर संपतं आणि दोन आवाजांतला फरक उघडा पडतो.

सातव्या आठवड्यात दोन पूर्ण सराव परीक्षा, अनोळखी माणसाबरोबर. मैत्रीण नको, ती तुमचं अर्धं वाक्य समजून घेते. व्हिडिओ कॉलवर, घड्याळ लावून, मध्ये मराठी नाही. आठव्यात नवं काही नको: रोज एक कार्ड, आणि पहिल्या आठवड्यातलं एखादं रेकॉर्डिंग.

रात्रपाळीच्या आठवड्यांचं वेगळं. सकाळी आठला सुटून बोलायचा सराव केलात तर झोपाळलेल्या तोंडाला चुकीचंच वळण लागेल. त्या दिवसांत फक्त दहा मिनिटं ऐका आणि मागोमाग म्हणा, सोपं काहीतरी, एखाद्या मुलाखतीतली दोन-तीन वाक्यं. चाळीस मिनिटं सुट्टीच्या दिवशी भरून काढा.

आता तारीख. चार महिने झाल्यामुळे फक्त स्पीकिंग पुन्हा देण्याचा मार्ग तुम्हाला बंद आहे. वन स्किल रीटेक ही सोय संगणकावरच्या परीक्षेपुरती, एकदाच, आणि मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत असते. ज्यांचा निकाल नुकताच लागलाय त्यांनी हे लक्षात घ्यावं: आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस, म्हणजे निकालाची वाट पाहण्यात आणि तो पाहून रडण्यात मिळून चार दिवसांपेक्षा जास्त घालवता येत नाहीत. शिवाय ज्या संस्थेकडे अर्ज करायचाय ती असा निकाल धरते का, हे पैसे भरायच्या आधी तिच्याच संकेतस्थळावर पाहा. तुम्हाला पूर्ण परीक्षा द्यावी लागेल, तेव्हा सातव्या आठवड्यापर्यंत दर रविवारी रायटिंगचं एक टास्क हातून होऊ द्या. साडेसहावर तुम्ही काठावर आहात, ते घसरलं तर सात मिळूनही उपयोग नाही.

परीक्षेची तारीख आज घेऊ नका. पाचव्या आठवड्याच्या शेवटी नवं कार्ड घेऊन पुन्हा मोजणी करा. चौदातली नऊ-दहा वाक्यं स्वच्छ आली आणि दुरुस्तीसाठी थांबणं दोन-तीनदाच झालं, तर आठव्या आठवड्यानंतरची तारीख घ्या. हा आकडा परीक्षेचा नाही, माझा आहे, अनुभवावरून बसवलेला. सात-आठवर असाल तर तीन आठवडे पुढे जा. त्या स्थितीत साडेसहा येण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि साडेसहा तुमच्या कामाचे नाहीत.

रजा मागायचीच असेल तर मेट्रनकडे दोन दिवसांची मागा. परीक्षेचा दिवस, आणि आदली रात्र ड्युटीवर येणार नाही याची खात्री. स्पीकिंग बाकीच्या पेपरांपेक्षा वेगळ्या दिवशी लागू शकतं, तेव्हा वेळापत्रक हातात आल्यावरच रोस्टर लिहून द्या.